पलीकडच्या खोलीतलं गाणं

ताईने फाईल पाठवली आणि खाली एवढंच लिहिलं, “मागे गाणं वाजतंय ते कुठलं, सांग ना गं.” माझी मावसबहीण. जुना फोन आवरताना तिला हे रेकॉर्डिंग सापडलं होतं. एक्केचाळीस सेकंदांचं. तिचा मुलगा तेव्हा जेमतेम बोलायला लागला होता. तो एका डब्याचं झाकण लावत-काढत स्वतःशीच काहीतरी सांगत होता, आणि ते टिपायला तिने फोन त्याच्यासमोर धरला होता. पलीकडच्या खोलीत कुणीतरी गाणं लावलेलं. सहाव्या सेकंदाच्या आसपास ते कानात शिरतं, अडतिसाव्याला दार वाजतं आणि संपतं. मधल्या बत्तीस सेकंदांत झाकणाची टकटक आहे, पंख्याची घरघर आहे, मुलाची अखंड बडबड आहे आणि या सगळ्याखाली एका बाईचा गाता आवाज आहे. तो आवाज ऐकू येतो, पण हाती लागत नाही. दिवसभर ती अर्धवट चाल माझ्या डोक्यात फिरत राहिली. पुढची ओळ ओठांवर आल्यासारखी वाटायची आणि यायची मात्र नाही.

गाण्याचं नाव मी या लेखात लिहिणार नाही. नाव वाचलं की मूळ गाणं तुमच्या कानात वाजायला लागेल, आणि मग ते रेकॉर्डिंग मला सुरुवातीला जसं ऐकू येत होतं तसं तुमच्यापर्यंत पोचणारच नाही. नाव कळण्याआधीचा जो काळ असतो, मला लिहायचं आहे ते त्याबद्दल.

पहिलं काम म्हणजे ताईकडून मूळ फाईल मागवली. तिने पाठवलेली फाईल मेसेजमधून आली होती आणि तिथे आवाज पुन्हा दाबला गेला होता. मूळ फाईल जुन्या फोनच्या ठेवणीतली निघाली, एएमआर प्रकारची. हा प्रकार मुळात बोलणं साठवण्यासाठी बनवलेला आहे. त्यात एका सेकंदाला 8000 नमुने घेतले जातात, म्हणजे 4000 हर्ट्झच्या वरचं काही त्यात राहूच शकत नाही, आणि प्रत्यक्षात तर साधारण 3400 च्या वर काहीच उरत नाही. खालच्या बाजूने फोनचा माइक खर्ज गिळतो. मधला एक पट्टा तेवढा उरतो, बोलण्याचा. गाणं त्या पट्ट्यात दाटीवाटीने उभं असतं आणि बाकीचं सगळं बाहेर राहतं. शिवाय फोन आवाजाची पातळी आपली आपण कमी-जास्त करत असतो. मुलगा जोरात बोलला की फोन सगळंच खाली ओढतो, तो थांबला की वर उचलतो. त्यामुळे “कडव्यानंतर गाणं एकदम चढतं” असं जे ऐकू येतं, ते गाण्यातलं नसून मुलाने श्वास घेतल्याचं असू शकतं.

हे सगळं आधी समजून घ्यावं लागतं, कारण पुढे जो जो पुरावा हाती येतो त्याला एकच प्रश्न विचारायचा असतो. हे गाणं ते नसतं, तरीही मला हेच ऐकू आलं असतं का? उत्तर ‘हो’ असेल तर तो पुरावा कितीही ठळक असला तरी हलका. उत्तर ‘सहसा नाही’ असेल तर तो अगदी पुसट असला तरी जड.

शब्दांचं घ्या. ओळीच्या शेवटी एक शब्द बऱ्यापैकी लांबवलेला आहे आणि तो ‘–आरा’ असा संपतो, एवढं नक्की. स्वर या अरुंद पट्ट्यात शाबूत राहतात, कारण ‘आ’ हा ‘आ’ आहे आणि ‘ई’ नाही हे ज्या कंपनांवरून कळतं ती बहुतेक 3000 हर्ट्झच्या आतच असतात. व्यंजनांचं तसं नाही. ‘स’ चा सूंऽसूं आवाज बराचसा 4000 च्या वर असतो. तो कापला गेला की ‘स’ आणि ‘फ’ एकमेकांच्या जागी ऐकू येतात, ‘श’ बोथट होतो, ‘ह’ तर पंख्याच्या घरघरीत विरघळूनच जातो. तेव्हा तो शब्द किनारा, सहारा, इशारा, नजारा, सितारा यांतला कुठलाही असू शकत होता. आणि आपल्या ओळखीच्या गाण्यांत या शब्दांवर संपणाऱ्या ओळी किती असतील! मनात आलेल्या कुठल्याही गाण्यात ‘–आरा’ सापडला म्हणून हरखून जाण्यात अर्थ नव्हता. तो बहुधा सापडणारच होता.

म्हणून कुणालाही विचारण्याआधी मी बसून एका कागदावर लिहून काढलं. कुठल्या सेकंदाला काय ऐकू येतं, किती खात्रीने, आणि जिथे ऐकू येत नाही तिथे रेघ. त्या शब्दापुढे लिहिलं, “–आरा. आधीचं अक्षर नाही.” हा कागद पुढे फार उपयोगी पडला. कान आपल्याला रिकामी जागा रिकामी ठेवूच देत नाही. रिचर्ड वॉरन या मानसशास्त्रज्ञाचा 1970 सालचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. त्याने एका वाक्यातला एक ध्वनी कापून टाकला आणि त्या जागी खोकल्याचा आवाज घातला. ऐकणाऱ्यांना तो शब्द पूर्ण ऐकू आला, आणि खोकला नेमका कुठल्या अक्षरावर पडला होता ते त्यांना धड सांगता येईना. मेंदूने ते अक्षर आपल्या पदरचं घातलं होतं. इथे तर खोकल्याऐवजी बत्तीस सेकंदांची बडबड होती.

ताईने मात्र तोवर ते रेकॉर्डिंग घरच्या गटावर टाकलं होतं. मावशीने लगेच लिहिलं, “किनारा म्हणतेय.” त्याखाली एकेक करून सगळे आले. हो, किनाराच, स्पष्ट ऐकू येतंय. मला त्या सगळ्यांचं बरं वाटलं, कारण प्रत्येकाने ते मनापासून ऐकलं होतं, आणि खरोखरच त्यांना ‘किनारा’ ऐकू आला होता. पण मावशीचा निरोप वाचल्यानंतर मलाही तो ऐकू यायला लागला. एका माणसाने ऐकलं आणि बाकीच्यांनी त्याच्या कानाने ऐकलं, तर साक्षीदार एकच धरायचा. गटाबाहेरच्या दोघांना मी वेगवेगळं, काहीही न सांगता विचारलं. एकाने ‘सहारा’ सांगितलं, दुसरी म्हणाली शब्द कळत नाही. मला त्या दुसरीचं उत्तर सगळ्यांत विश्वासाचं वाटलं.

गाणं ओळखणाऱ्या ॲपला रेकॉर्डिंग ऐकवलं, ते गप्प राहिलं. बरेच जण इथे थांबतात. ॲपला सापडत नाही म्हणजे गाणं दुर्मिळ आहे असा त्यातून अर्थ काढतात. पण ते ॲप काय करतं हे माहीत असलं की त्या मौनाचा अर्थ बराच आक्रसतो. शझाम या अशाच एका ॲपची पद्धत एव्हरी वँग यांनी 2003 सालच्या एका शोधनिबंधात मांडली. आवाजाचा आलेख काढायचा, त्यातली फक्त ठळक शिखरं ठेवायची आणि बाकी सगळं टाकून द्यायचं. मग शिखरांच्या जोड्या लावायच्या. पहिल्याची कंपनसंख्या, दुसऱ्याची कंपनसंख्या आणि दोघांमधलं वेळेचं अंतर, या तिघांची मिळून एक खूण होते. रेकॉर्डिंगमधल्या अशा खुणा साठवलेल्या गाण्याच्या खुणांशी जुळल्या, आणि मुख्य म्हणजे सगळ्या एकाच क्रमाने, वेळेच्या सारख्याच फरकाने जुळल्या, तर ते गाणं. गोंगाट असला तरी चालतं, कारण पुष्कळ शिखरं बुडाली तरी उरलेली मोजकी शिखरं आपापल्या जागी असतात. पण यातून हेही निघतं की ॲप चाल ओळखत नाही, ते विशिष्ट ध्वनिमुद्रण ओळखतं. तेच गाणं तीच गायिका मंचावर गात असेल तर ॲप गप्प. गाणं त्याच्या साठ्यात नसेल तर गप्प. बडबडीची शिखरं फार झाली तर गप्प. आणि गाणं मूळ वेगाने वाजत नसेल, तर शिखरं सरकलेली आणि अंतरं बदललेली असतात, म्हणूनही गप्प. चार वेगवेगळ्या कारणांचं मौन कानाला सारखंच.

मग उरली चाल. मुलगा नऊ सेकंद गप्प बसतो अशी एक जागा आहे, सतराव्या सेकंदापासून सव्विसाव्यापर्यंत. ती जागा मी पुन्हा पुन्हा ऐकली. इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. स्पेक्ट्रोग्रामवर, म्हणजे आवाजाच्या आलेखावर, काम करताना मुलाचा आवाज मला अडथळा वाटायला लागला होता. आलेखात त्याच्या बोलण्याचे जाड पट्टे दिसायचे आणि मी ते पुसून काढायचे. त्या पट्ट्यांच्या मागे गाणं होतं म्हणून. आणि मध्येच हेडफोनमधून तो “आत गेलं” म्हणायचा, झाकण बसल्यावरचा तो कृतार्थ सूर, आणि माझा हात थांबायचा. हे रेकॉर्डिंग ज्याच्यासाठी झालं होतं त्यालाच मी गाळत बसले होते. ताईला गाणं हवं होतं ते तरी कशासाठी? त्या दुपारी तिच्याभोवती आणखी काय काय होतं हे तिला परत हवं होतं. मी प्रत्येक वेळी मूळ फाईल बाजूला ठेवून प्रतीवरच काम केलं. ते तसं करायचंच असतं, पण इथे मला त्याची निकड जास्त वाटली.

त्या नऊ सेकंदांत मुखड्याचे सात सूर नीट कळतात. चाल शोधण्याची एक साधी रीत डेनिस पार्सन्स यांनी 1975 मध्ये एका अख्ख्या कोशासाठी वापरली होती. प्रत्येक सूर आधीच्यापेक्षा वर गेला, खाली आला की तिथेच राहिला, एवढंच लिहायचं. स्वरज्ञान नसलेल्यालाही हे जमतं. पण सात सुरांमध्ये सहा पायऱ्या, प्रत्येक पायरीला तीन शक्यता, म्हणजे एकूण 729 आकृत्या. जगातल्या सगळ्या गाण्यांचे मुखडे या 729 घरांत बसवायचे म्हटलं तर प्रत्येक घरात केवढी गर्दी होईल! शिवाय माणसं गाणी अशी वाटून-वाटून रचत नाहीत, चढून हळूहळू उतरणाऱ्या आकृतीवर तर सगळ्यांचाच जीव. म्हणजे आकृती जुळणं हा हलका पुरावा. त्यात सुरांमधली नेमकी अंतरं आणि प्रत्येक सुराची लांबी घातली की तो जड होत जातो. गुणगुणून शोधणारी सोय हेच करते. तिला मी मुखडा गाऊन दाखवला आणि तिने तीन गाणी पुढे केली. पहिल्याचा ताल सहा मात्रांचा, ते बाद, कारण रेकॉर्डिंगमध्ये टाळीसारखा काहीतरी आवाज दर चौथ्या ठोक्याला येतो. दुसऱ्यात सूर जुळतात, पण चौथा सूर जिथे रेंगाळतो तिथे ते गाणं पुढे पळतं. तिसरं जवळचं वाटलं, ओळही ‘–आरा’ वर संपणारी.

पण तिसऱ्याविरुद्ध तीन गोष्टी होत्या. प्रकाशित गाण्याची पट्टी काळी एक आहे आणि ताईच्या रेकॉर्डिंगमधल्या गाण्याची पांढरी दोन. प्रकाशित गाण्यात आवाज भरदार, प्रौढ. रेकॉर्डिंगमधला कोवळा, जवळजवळ शाळकरी मुलीचा वाटावा असा. आणि रेकॉर्डिंगमधली लय किंचित चपळ. तीन स्वतंत्र साक्षीदार एकाच बाजूने बोलत असतील तर त्यांचं ऐकावं लागतं. दुसऱ्या कुणी गायलेलं असेल, शाळेच्या कार्यक्रमातलं वगैरे, असं ताईही म्हणाली.

ते तिघे स्वतंत्र आहेत का, एवढं तपासायचं राहिलं होतं.

लय मोजताना घाई करून चालत नाही. खर्ज नसलेल्या रेकॉर्डिंगमध्ये ठोके दुप्पट किंवा निम्मे मोजले जाण्याची भीती असते. शिवाय पाच-सहा सेकंदांवरून काढलेला आकडा सहज एक-दोन टक्क्यांनी चुकतो. म्हणून मी लांबचे दोन ठोके पकडले, एक आठव्या सेकंदाजवळचा आणि एक बत्तिसाव्याजवळचा, दोन्ही आलेखात स्वच्छ दिसणारे. मधलं अंतर 24 सेकंद आणि त्यात 39 ठोके, म्हणजे मिनिटाला साडेसत्त्याण्णव. प्रकाशित गाण्यात तेच 39 ठोके साधारण 25.4 सेकंद घेतात, मिनिटाला 92. भागाकार केला तर रेकॉर्डिंग जवळपास सहा टक्के जलद. आता पट्टी. काळी एकपासून पांढरी दोन हे एका अर्ध्या स्वराचं अंतर, आणि अर्धा स्वर चढणं म्हणजे कंपनसंख्या 5.95 टक्क्यांनी वाढणं. लय सहा टक्के, सूर सहा टक्के. आणि तेच ध्वनिमुद्रण सहा टक्के जलद वाजवलं तर गळ्याचा पोतही तेवढाच वर सरकतो, भरदार आवाज पातळ आणि कोवळा होतो. फोनने खर्ज आधीच कापलेला असल्यामुळे तो आणखीच कोवळा वाटतो.

तीन आक्षेप एकाच कारणातून निघाले होते. तिघांना तीन मतं द्यायची नव्हती. आणि गंमत अशी की जो पुरावा विरोधात उभा होता तोच आता बाजूने आला. दुसरी गायिका अर्धा स्वर वर गायली असती तर तिने लय आपल्या मनाने धरली असती. जरा संथ, जरा जलद, किंवा मूळ होती तशीच. ती नेमकी सहा टक्क्यांवर पडायचं काहीच कारण नव्हतं. पडूच शकत नाही असं नाही, पण योगायोगाने असं क्वचितच होईल. ॲप गप्प का राहिलं त्याचाही उलगडा झाला. 1000 हर्ट्झवरचं शिखर 1060 वर सरकलेलं, शिखरांमधली अंतरं तेवढ्याच प्रमाणात आखडलेली. अशा खुणा साठ्यातल्या खुणांशी कशा जुळणार?

मी प्रतीचा वेग 94.4 टक्क्यांवर आणला, सूर आणि लय एकत्र उतरतील अशा पद्धतीने. गायिका एकदम वयात आली. मुलगा मात्र दमल्यासारखा, जड आवाजात बोलायला लागला, कारण त्याचा वेग मुळातच बरोबर होता. फोनचं घड्याळ सहा टक्क्यांनी चुकत नसतं, वेग बदललेला होता तो पलीकडच्या खोलीत. ती नऊ सेकंदांची जागा ॲपला ऐकवली तेव्हा त्याने तिसऱ्याच गाण्याचं नाव घेतलं. तेवढ्यावरही मी थांबले नाही, कारण ॲप कधीकधी भलतंच नाव ठामपणे सांगतं. आठव्या सेकंदाजवळचा आणखी एक तुकडा ऐकवला. तेच नाव आलं, आणि त्याने दाखवलेल्या गाण्यातल्या जागा बघितल्या तर दोन्ही तुकड्यांमध्ये जेवढं अंतर माझ्या फाईलमध्ये होतं तेवढंच गाण्यातही होतं. दोन्ही उत्तरं भलती असून असं अंतर जुळणं जवळपास अशक्य.

शेवटची तपासणी मला सगळ्यांत आवडते. मूळ गाणं आणि हळू केलेली प्रत एकाखाली एक ठेवायची, सुरुवातीचा एक ठोका जुळवायचा आणि पुढे काहीही न हलवता बघत जायचं. मंचावरची गायिका कितीही पक्की असली तरी काही सेकंदांत कुठेतरी पुढे-मागे होते. इथे पंचवीस सेकंदांनंतरही दोन्ही आलेख डोळ्याला फरक दिसणार नाही इतके बरोबर चालले होते. दुसऱ्या ओळीआधी गायिका श्वास घेते आणि अर्धा क्षण उशिरा शिरते, ती जागासुद्धा दोन्हीकडे एकाच रेषेवर. ध्वनिमुद्रण तेच, याबद्दल मला आता शंका नाही. वेग का वाढला होता हे मात्र सांगता येत नाही. जलद चालणारं जुनं यंत्र असेल किंवा कुणी मुद्दाम जलद करून ठेवलेली प्रत असेल. यंत्राच्या चालीत जो बारीक हेलकावा असतो त्यावरून ते ठरवता आलं असतं, पण तो या गोंगाटात दिसण्याइतका मोठा नसतो.

ताईची आठवण अशी की पलीकडे टीव्ही चालू होता. जुन्या टीव्हीच्या पडद्यावर रेघा आखल्या जाताना एक तीक्ष्ण शीळ निघायची. काही देशांत 15,625 हर्ट्झची, अमेरिका-जपानच्या पद्धतीत 15,734 ची. 2021 साली इंटरनेटवर आलेल्या 17 सेकंदांच्या एका अनोळखी गाण्याच्या तुकड्यात त्या दुसऱ्या शिळेची रेषा लोकांना आलेखात दिसली होती. तिच्यावरून टीव्हीची पद्धत कळली, गाणं नाही. ते 2024 मध्ये 1986 च्या एका अमेरिकी चित्रपटात सापडलं. मी ताईच्या फाईलमध्ये ती शीळ शोधायला गेलेच नाही. 4000 हर्ट्झला कापलेल्या फाईलमध्ये ती असणं शक्यच नव्हतं, त्यामुळे ती नसल्यावरून टीव्ही नव्हता असं म्हणता येणार नव्हतं. ताईची आठवण तशीच राहू दिली.

मूळ गाण्यातला तो शब्द ‘इशारा’ आहे. हे कळल्यापासून मी रेकॉर्डिंग लावलं की मला ‘इशारा’ सोडून काहीही ऐकू येत नाही, श सुद्धा लख्ख. कागदावर मात्र माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे, आधीचं अक्षर नाही. मावशीला अजून किनाराच ऐकू येतो. मी तिला गाणं पाठवलं, ते ऐकून ती म्हणाली, “हे वेगळं आहे गं. आपल्यात ती किनारा म्हणते.” मी तिच्याशी वाद घातला नाही, पण ताईला आलेख दाखवले, श्वासाची ती जागा दाखवली. तिने दोन्ही एकत्र वाजवून बघितलं आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “आणि शेवटी दार वाजल्यावर जे येतं ते?”

ते मी आधी ऐकलं होतं. दार वाजल्यानंतर, मुलगा “आई” म्हणायच्या आत, दुसरं काहीतरी सुरू होतं. त्यातले चार सूर कळतात. वर, वर, खाली. तीन पायऱ्या, सत्तावीस आकृत्या, शब्द नाही, लय धरायला दुसरा ठोका नाही. गुणगुणून शोधलं तर सोय नावं देतेच, आणि त्यांतलं एक त्याच काळातलं आहे, त्या दुपारी वाजलं असेल असं वाटण्याजोगं. ताईला मी ते नाव सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर तिला तेच ऐकू आलं असतं.